भट्टी रिकामी असताना आणि भरलेली असताना

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फौंड्रीचा धंदा किलोवर चालतो. कास्टिंग लहान असो वा मोठं, बोलणं सुरू होतं ते "किलोला काय पडतं?" इथपासून. बाहेरच्या गिऱ्हाइकाशी हा प्रश्न सोपा असतो, कारण बाजार उत्तर देतो. कठीण होतं ते गिऱ्हाईक आपल्याच घरातलं असलं की. एकाच कंपनीत एक फौंड्री आणि शेजारच्या शेडमध्ये पंप बनवणारा विभाग असेल, तर फौंड्रीने पंपवाल्यांना कास्टिंग कोणत्या दराने द्यायचं? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला ट्रान्स्फर प्राइस म्हणतात. आपण त्याला अंतर्गत दर म्हणू.

पहिल्या नजरेत हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पैसा घरातच राहणार, एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार, मग दर ७५ असला काय आणि १०० असला काय? पण विभाग वेगळे केले, दोघांना दोन प्रमुख दिले, आणि दोघांचा नफा वेगळा मोजून त्यावर बढती आणि बोनस ठरू लागला, की तो दर कागदावर राहत नाही. पंपवाला त्या दराकडे बघूनच ठरवतो, की कास्टिंग घरातून घ्यायचं की बाहेरून. फौंड्रीवाला त्याच दराकडे बघून ठरवतो, की आधी कोणाचा माल ओतायचा. हे निर्णय चुकले तर पैसा खरोखर कंपनीबाहेर जातो.

एक काल्पनिक पण धंद्याच्या चालीला धरून असलेलं उदाहरण घेऊ. फौंड्री महिन्याला ४०० टन चांगलं, म्हणजे तपासणीतून पास झालेलं कास्टिंग काढू शकते. पंप विभागाला महिन्याला ६० टन लागतं. एक किलो कास्टिंगमागे फौंड्रीचा बदलता खर्च असा: भंगार, पिग आयर्न आणि मिश्रधातू मिळून ४६ रुपये, विजेची युनिटं ९, वाळू, रेझीन आणि कोअर ८, ठेक्याची मजुरी ८, ग्राइंडिंगची चाकं, पॅकिंग वगैरे ४. एकूण ७५ रुपये. याशिवाय महिन्याला ४८ लाख रुपये ठरलेला खर्च आहे: कायम कामगारांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार, कर्जाचं व्याज, घसारा, विजेचा डिमांड चार्ज. भट्टी चालो वा न चालो, हे ४८ लाख जाणारच. विजेचं बिल दोन्हीकडे विभागलं गेलंय, हे मुद्दाम पाहून ठेवावं. युनिटं लोखंड वितळवल्यावर लागतात, डिमांड चार्ज मात्र मंजूर भारावर बसतो. कायम कामगाराचा पगार आणि किलोवर दिलेली ठेक्याची मजुरी यांतही हाच फरक आहे. अंतर्गत दराचे निम्मे वाद या विभागणीतच असतात.

बहुतेक कंपन्यांत अकाउंट्स विभाग एक सरळ नियम लावतो: पूर्ण खर्च अधिक १० टक्के. भट्टी पूर्ण भरलेली असेल तर ४८ लाख भागिले ४ लाख किलो, म्हणजे किलोला १२ रुपये. त्यात ७५ मिळवले की ८७, आणि १० टक्के धरून ९५ रुपये ७० पैसे. नियम दिसायला न्याय्य आहे, दोन्ही बाजूंना समजतो, ऑडिटरलाही समजावून सांगता येतो. आता बाजार मंदावला की तो काय करतो ते बघा.

समजा बाहेरची मागणी घटली आणि फौंड्रीकडे फक्त ३०० टनांच्या ऑर्डरी राहिल्या. रात्रपाळी बंद झाली. आता तेच ४८ लाख ३ लाख किलोंवर पसरतात, म्हणजे किलोला १६ रुपये. पूर्ण खर्च ९१ झाला आणि १० टक्के धरून अंतर्गत दर १०० रुपये १० पैसे. इकडे मंदीमुळे शेजारचा एक फौंड्रीवाला पंप विभागाला ९८ रुपयांत पोहोच माल द्यायला तयार आहे. पंपवाले बैठकीत म्हणतात, "साहेब, बाहेर अठ्ठ्याण्णवला मिळतंय, आम्ही शंभर का द्यायचे?" त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहेत. ऑर्डर बाहेर जाते. पंप विभागाच्या हिशेबात किलोला २ रुपये १० पैसे, महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास बचत दिसते.

कंपनीच्या तिजोरीतून मात्र किलोला ९८ रुपये बाहेर गेले. तेच कास्टिंग घरात ओतलं असतं तर नवे म्हणून फक्त ७५ रुपये लागले असते, कारण ४८ लाख तर असेही जाणारच होते. किलोला २३ रुपयांचा फरक. ६० टनांवर तो महिन्याला १३ लाख ८० हजार होतो. मंदीच्या सहा महिन्यांत ही रक्कम ८० लाखांच्या पुढे जाते, आणि कोणत्याही एका विभागाच्या ताळेबंदात ती तोटा म्हणून दिसत नाही. पंप विभाग बचत दाखवतो, फौंड्री मंदीकडे बोट दाखवते.

भट्टीत जागा रिकामी असते तेव्हा फौंड्रीने घरच्या ऑर्डरीसाठी काहीही सोडून दिलेलं नसतं. म्हणून तिचा किमान दर म्हणजे फक्त बदलता खर्च, ७५ रुपये. पंपवाल्यांचा कमाल दर म्हणजे बाहेरचा भाव, ९८ रुपये. या दोहोंच्या मधला कोणताही दर दोन्ही विभागांना परवडतो आणि माल घरातच राहतो. दर ८० ठरला तर २३ रुपयांतले बहुतेक पंपवाल्यांकडे जातात, ९५ ठरला तर फौंड्रीकडे. कंपनीला त्याने काही फरक पडत नाही. तिला फरक पडतो तो दर ९८ च्या वर गेला तर, आणि पूर्ण खर्चाचा नियम मंदीत नेमकं तेच करतो.

आता उलट बाजू. बाजार सुधारला. बाहेरचे गिऱ्हाईक सगळे ४०० टन १०५ रुपयांनी उचलायला तयार आहेत. बाहेर विकताना वाहतूक आणि एजंटचं कमिशन मिळून किलोला ५ रुपये जातात, घरच्या मालावर तो खर्च नाही. म्हणजे बाहेर विकलेल्या एका किलोतून बदलता खर्च आणि हे ५ रुपये वजा जाता फौंड्रीला २५ रुपये उरतात. भट्टी भरलेली असताना पंपवाल्यांना एक किलो द्यायचा तर बाहेरचा एक किलो सोडावा लागतो, आणि हे २५ रुपये त्याच्याबरोबर जातात. म्हणून फौंड्रीचा किमान दर ७५ अधिक २५, म्हणजे १०० रुपये. दुसऱ्या वाटेनेही तो तपासता येतो: बाजारभाव १०५, त्यातून घरच्या मालावर वाचणारे ५ वजा.

अकाउंट्सच्या नियमाने मात्र या तेजीत दर निघतो ९५ रुपये ७० पैसे, कारण भट्टी भरल्यामुळे ठरलेला खर्च जास्त किलोंवर पसरला. समजा पंप विभागाला बाहेर ९७ रुपयांत माल मिळतोय. घरचा दर स्वस्त दिसतो म्हणून तो घरातून घेतो आणि किलोला १ रुपया ३० पैसे, महिन्याला ७८ हजार वाचवतो. फौंड्री त्याच ६० टनांवर किलोला ४ रुपये ३० पैसे, म्हणजे २ लाख ५८ हजार गमावते. कंपनीचं निव्वळ नुकसान १ लाख ८० हजार. शिवाय ज्या बाहेरच्या गिऱ्हाइकाला "या महिन्यात जमणार नाही" म्हणून परत पाठवलं, तो पुढच्या मंदीत परत येईलच असं नाही. हे नुकसान किती, ते कोणत्याच तक्त्यात मांडता येत नाही, पण फौंड्रीवाल्याच्या मनात सर्वांत जास्त तेच सलत असतं.

पूर्ण खर्चावर टक्का लावण्याच्या पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप आहे तो इथे. ती नुसती थोडी चुकत नाही, चुकीच्या दिशेने चालते. भट्टी रिकामी असते तेव्हा दर खाली यायला हवा, तो १०० च्या वर जातो. भट्टी भरते तेव्हा दर वर जायला हवा, तो ९५ वर येतो. आणि मंदीत ती स्वतःलाच खतपाणी घालते. पंपवाले गेले, उद्या आणखी एखादा घरचा विभाग गेला, की ४८ लाख आणखी कमी किलोंवर पसरतात, दर आणखी चढतो आणि उरलेले लोकही बाहेरचे भाव मागवू लागतात. कंपनीत हा आजार शिरलाय का, हे ओळखायला मोठा अहवाल लागत नाही. रात्रपाळीच्या बंद भट्टीची नोंद आणि पंप विभागाची बाहेरच्या कास्टिंगची बिलं शेजारी शेजारी ठेवावीत. दोन्ही एकाच महिन्यातली निघाली, तर दर चुकलाय.

हा विचार अर्थशास्त्रात मांडला जाऊनही बराच काळ झाला. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॅक हर्शलायफर यांनी १९५६ साली याच विषयावर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा असा होता की अंतर्गत दर हा विकणाऱ्या विभागाच्या वाढीव खर्चाएवढा असावा, आणि त्या मालाला खुला स्पर्धेचा बाजार असेल तर बाजारभावाएवढा. आपल्या उदाहरणातली रिकामी आणि भरलेली भट्टी ही त्या विचाराची दोन टोकं आहेत.

व्यवहारात मात्र भट्टी अगदी रिकामी किंवा अगदी भरलेली क्वचितच असते. समजा बाहेरच्या ऑर्डरी ३७० टनांच्या आहेत, ३० टन जागा शिल्लक आहे आणि पंपवाल्यांना ६० टन हवंय. बाहेरून त्यांना ९५ रुपयांचा भाव आलाय. इथे बरेच जण सरासरी काढतात: ३० टन ७५ ने, ३० टन १०० ने, म्हणून दर साडेसत्त्याऐंशी. तो ९५ पेक्षा कमी आहे, म्हणून सगळं घरात घेऊ. सगळं बाहेरून आणण्याच्या तुलनेत कंपनीचे साडेचार लाख वाचतात, त्यामुळे निर्णय बरोबरच वाटतो. पण फक्त ३० टन घरात ओतून उरलेले ३० बाहेरून ९५ ने आणले असते, तर सहा लाख वाचले असते. दुसरे ३० टन घरात ओतताना आपण १०० रुपये मोलाची जागा ९५ रुपये वाचवायला वापरतो, किलोला ५ रुपये घालवून. सरासरीत हे झाकलं जातं. म्हणून अशा वेळी एकच दर न सांगता दोन टप्पे सांगावेत: पहिल्या ३० टनांपुरता वेगळा, त्यापुढे वेगळा. ऑर्डर दोन ठिकाणी वाटायची तर पॅटर्नचे दोन संच लागतील, ही अडचण खरी आहे. त्यावर फौंड्रीतले लोक काढतात तो मार्ग असा, की अवघड केसिंग घरात ठेवायची आणि मागची झाकणं, पाय असली साधी कास्टिंगं बाहेर द्यायची.

भट्टी भरली, असं म्हणताना नेमकं काय भरलंय, हेही तपासावं लागतं. इथे अनुभवी माणसंही फसतात. टनांत मोजलं तर फौंड्रीत जागा दिसते, पण कोअर शॉप दोन पाळ्या भरून वाहत असतं. पंपाची केसिंग आतून पोकळ आणि वळणाची, तिला कोअर जास्त लागतात. समजा कोअर शॉपच्या एका तासात केसिंगचे ५० किलो निघण्याएवढे कोअर होतात, तर बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या व्हॉल्व्ह बॉडीचे १०० किलो निघण्याएवढे. व्हॉल्व्ह बॉडीवर किलोला २५ रुपये उरतात, म्हणजे तो एक तास फौंड्रीला अडीच हजार रुपये मिळवून देतो. तोच तास केसिंगला दिला तर ते अडीच हजार ५० किलोंवर बसतात, किलोला ५० रुपये. आता किमान दर ७५ अधिक ५०, म्हणजे १२५. भट्टीत जागा आहे असं समजून कोणी ७५ चा दर लावला असेल, तर तो ५० रुपयांनी चुकला. किलोच्या भावाची सवय इथे घात करते. अडलेल्या यंत्राचा किंवा विभागाचा तास काय मिळवून देतो, ते आधी काढावं आणि मग ते किलोत उतरवावं.

मंदीतल्या ७५ ते ९८ या पट्ट्याकडे परत जाऊ, कारण खरी रस्सीखेच तिथेच असते. दर अगदी ७५ ठेवला तर पंपवाल्यांचे सगळे निर्णय बरोबर होतात, पण फौंड्रीप्रमुखाच्या हाती काहीच लागत नाही. तो म्हणेल, "मी माणसं राबवायची, रिजेक्शनची डोकेदुखी घ्यायची, आणि माझ्या नफ्यात एक पैसा नाही?" मग घरची ऑर्डर रांगेत शेवटी जाते, डिलिव्हरी चुकते, आणि पंपवाले वैतागून बाहेर बघू लागतात. यावर मला सर्वांत पटलेला तोडगा दोन भागांचा आहे. किलोला ७५ रुपये, आणि त्याशिवाय दरमहा एक ठोक रक्कम. पंप विभाग ६० टनांची जागा राखून ठेवतो, म्हणजे ४०० टनांचा १५ टक्के हिस्सा. म्हणून ४८ लाखांपैकी १५ टक्के, ७ लाख २० हजार, तो दरमहा देतो, माल उचलो वा न उचलो. पूर्ण ६० टन उचलले तर एकूण किलोला ८७ पडतात, बाहेरच्या ९८ पेक्षा बरेच कमी. आणि एखादा किलो घरातून घ्यायचा की बाहेरून, हे ठरवताना पंपवाल्याच्या डोळ्यांसमोर ७५ चाच आकडा असतो, कारण ठोक रक्कम तर आधीच देऊन झाली आहे.

हे ७५ प्रमाणित खर्चाचे असावेत, प्रत्यक्षाचे नव्हेत. ठरवताना रिजेक्शन ५ टक्के धरलं असेल आणि एखाद्या महिन्यात वाळू बिघडून ते ९ टक्क्यांवर गेलं, तर नापास झालेलं लोखंड पुन्हा भट्टीत जातं खरं, पण वीज, रेझीन आणि मजुरी वाया गेलेली असते. तो भार पंपवाल्यांवर टाकला तर फौंड्रीला वाळू सुधारायची घाई उरणार नाही. भंगाराचा भाव बाजारात चढला तर मात्र तो दरात यायलाच हवा, कारण त्यावर फौंड्रीचा ताबा नाही.

कराचा एक मुद्दा जाता जाता. दोन्ही शेड एकाच राज्यात, एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील तर हा दर घरचा मामला राहतो. पंप विभाग दुसऱ्या राज्यात असेल तर जीएसटी कायदा त्या दोन नोंदणींना वेगळ्या व्यक्ती मानतो आणि बिल फाडून कर भरावा लागतो. घेणाऱ्याला त्या कराचं पूर्ण क्रेडिट मिळत असेल, तर बिलावरची किंमतच ग्राह्य धरली जाते, त्यामुळे इथे वर सांगितलेल्या हिशेबाला फारशी बाधा येत नाही. दुसऱ्या देशातल्या आपल्याच कंपनीला माल जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्रयस्थांमध्ये ठरला असता तोच भाव आयकर खाते मागतं, आणि आतल्या निर्णयांसाठीचा दर वेगळा ठेवावा लागतो.

दोन भागांचा करार झाल्यावर तेजी आली तर काय, हा शेवटचा प्रश्न. पंपवाल्यांनी जागा राखून ठेवलीय, त्यांना माल ७५ ने मिळतोय, आणि बाहेर फौंड्रीला किलोमागे २५ रुपये मिळवून देणारं गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्यासाठी करारात जागा परत देण्याचं कलम हवं. पंपवाल्यांना बाहेर ९७ ला माल मिळत असेल, तर जागा सोडल्यावर त्यांना किलोला २२ रुपये जास्त पडतील. फौंड्रीला २५ मिळणार आहेत. फौंड्रीने त्यांना साडेतेवीस रुपये भरपाई दिली तर दोघांच्याही हाती दीड-दीड रुपया पडतो, ६० टनांवर प्रत्येकी ९० हजार, आणि मघाचे एक लाख ऐंशी हजार कंपनीतच राहतात. बाहेरचा भाव १०५ असेल, तर जागा सोडायला पंपवाले ३० मागतील आणि फौंड्री २५ च्या वर देऊ शकणार नाही. सौदा होणार नाही, केसिंग घरातच ओतली जाईल, आणि कंपनीच्या हिशेबाने तेच बरोबर आहे.